सीटचे साडेतीनशे रुपये आणि आबांची खिडकी



मागच्या आठवड्यात युनिटमधल्या एका पोराचा फोन आला. सुट्टी मंजूर झाली होती आणि तो मोबाइलवर तिकीट काढत बसला होता. "साब, तिकीट ठीक आहे, पण आता सीट निवडा म्हणतंय. साडेतीनशेपासून चौदाशेपर्यंत आहेत. नाही दिले तर उभं राहून जावं लागंल काय?" मी हसलो, पण त्याचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. चौदाशे रुपयांत त्याच्या घरी महिन्याचं तेल आणि डाळ येते. त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. म्हणून हे लिहितो आहे.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिली पंधरा वर्षं मी रेल्वे वॉरंटवरच फिरलो. विमान अलीकडचं. या बाबतीत मी दोन्ही टोकं करून बसलो आहे. आधी कधीच पैसे द्यायचे नाहीत असा हट्ट होता, मग काही दिवस प्रत्येक वेळी द्यायचे अशी सवय लागली. आज माझं मत असं आहे: जादा पैसे देण्याआधी कारण एका वाक्यात स्वतःला सांगता आलं पाहिजे. "आबांना मधेच उठावं लागतं" हे कारण झालं. "पुढे बसलेलं बरं" हे कारण नव्हे.

आधी पडद्यावरची गोष्ट. तिकीट काढताना विमानाचा नकाशा समोर येतो, रंगीत चौकोन दिसतात आणि पुढे जायचं बटण असं काही ठेवलेलं असतं की सीट घेतल्याशिवाय तिकीटच होणार नाही असं वाटावं. तसं नसतं. कोपऱ्यात कुठेतरी बारीक अक्षरात Skip असतं, ते दाबायचं. तिकिटात सीट धरलेलीच असते. जादा पैसे असतात ते कोणती सीट हवी हे तुम्ही सांगण्याचे. पुढे वेब चेक-इन सुरू होतं, बऱ्याच कंपन्यांचं उड्डाणाच्या ४८ तास आधी. तेव्हा काही सीट फुकट दिसतात, बहुतेक मधल्या आणि मागच्या. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीने वेब चेक-इनला सगळ्याच सीटचे पैसे लावले तेव्हा बराच गदारोळ झाला होता. तेव्हाही विमानतळावरच्या काउंटरवर मिळेल ती सीट फुकटच होती. म्हणजे पैसे न देणाऱ्याला शिक्षा एवढीच की निवड कंपनी करते, आणि कंपनी बहुधा मधली सीट देते.

आपल्या लोकांसाठी यात एक वेगळी गोम आहे. आपली सुट्टी शेवटच्या दिवसापर्यंत पक्की नसते. एकदा मी दोन महिने आधी तिकीट काढून हौसेने पुढची सीटही घेतली. मग एक्सरसाइज लागली, सुट्टी पुढे गेली. तिकिटाचे काही पैसे परत आले, सीटचे आले नाहीत. आपण रद्द केलं तर सीटचे पैसे बहुधा बुडतात. कंपनीनेच विमान बदललं आणि तुमची सीट गेली तर मात्र ते परत मागता येतात, आणि मागावेत. त्यामुळे तिकीट काढताना सीट घ्यायची नाही. मूव्हमेंट ऑर्डर हातात पडली की मग नकाशा उघडायचा. सीट कदाचित शंभर रुपयांनी महाग झालेली असेल, पण बुडणार नाही.

आता पुढच्या रांगा. सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात आणि माझ्या मते सगळ्यात वायाही इथेच जातात. मी स्वतः तिसऱ्या रांगेसाठी सातशे रुपये दिले होते, दिल्लीहून पुण्याला. हिशेब असा होता की लवकर उतरलो तर साताऱ्याची रात्रीची शेवटची गाडी सापडेल. विमान उतरलं, मी पहिल्या वीस लोकांत बाहेर पडलो. खाली बस उभी होती. बसमध्ये चढलो आणि उभा राहिलो, कारण बस भरल्याशिवाय हलत नाही. विमानाला मागूनही शिडी लावली होती, तिथून शेवटच्या रांगेतले लोक उतरून माझ्याच बसमध्ये आले. नंतर सामानाच्या पट्ट्यावर आम्ही सगळेच पंचवीस मिनिटं उभे होतो. माझी ट्रंक आली तेव्हा तिसावी रांग आणि तिसरी रांग शेजारी शेजारी होती. गाडी गेली ती गेलीच.

पुढची सीट उपयोगी पडते ती फक्त हातात एकच बॅग असेल आणि पुढची वेळ खरोखर अडकलेली असेल तेव्हा. फौजी माणूस सामान टाकल्याशिवाय सहसा जात नाही, म्हणून आपल्याला तिचा उपयोग कमीच. आणि पंख्यांचं ते लहान विमान असेल, ज्यात दोन-दोनच सीट असतात, तर गणित उलटं होतं. त्या एटीआर विमानात चढायचं-उतरायचं दार मागे असतं, तिथे शेवटच्या रांगेवाला सर्वांत आधी बाहेर. पुढच्या सीटचे पैसे देणारा तिथे शेवटी उतरतो.

हे सगळं शिकल्यावर मी ठरवून टाकलं की सीटला एक रुपया द्यायचा नाही. तो हट्ट आबांनी मोडला.

माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून रिटायर झाले. सत्तरच्या दशकात त्यांनी तीन वर्षं सिक्कीममध्ये काढली. तेव्हा गावाहून न्यू जलपायगुडीला रेल्वेने पोहोचायलाच तीन-चार दिवस जात आणि पुढे ट्रक. माझी पोस्टिंग उत्तर बंगालमध्ये आली तसं ते म्हणाले, "येकदा घिऊन चल मला तिकडं." ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. नोव्हेंबरमध्ये मी सुट्टी संपवून परत जाताना त्यांना बरोबर घेतलं. पुणे ते दिल्ली, दिल्ली ते बागडोगरा, एकाच तिकिटावर दोघं. दोघांचं जाण्यायेण्याचं मिळून साधारण चोवीस हजार झालं होतं. सगळीकडे सीट निवडल्या असत्या तर आणखी तीन हजार दोनशे. मी Skip दाबलं. एकाच तिकिटावर आहोत म्हणजे शेजारी देतीलच असं धरून चाललो.

ते धरून चालायचं नसतं. डीजीसीएने २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईवडिलांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची. म्हणजे लेकराच्या शेजारी बसण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. काउंटरवर तेवढं स्पष्ट बोलायचं. म्हाताऱ्या माणसाबद्दल त्या सूचनेत काही नाही.

पुणे-दिल्लीला मला ९ बी मिळाली आणि आबांना २२ ई. दोन्ही मधल्या. मी अदलाबदलीसाठी एकदा विचारून पाहिलं. ज्यांनी पैसे देऊन कडेची सीट घेतली होती त्यांनी नाही म्हटलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. वर्दीतल्या माणसाला लोक आदराने सीट देतात हे खरं, पण त्या आदरावर आपला प्लॅन बसवू नये.

आबांना बीपीची गोळी आहे, तिने लघवीला वारंवार जावं लागतं. खिडकीजवळची बाई झोपली होती, वाटेकडच्या साहेबांनी लॅपटॉप उघडून टेबल पाडलं होतं. आबा दोन तास बसून राहिले. उठवायचं कसं, काय म्हणून उठवायचं, हिंदीत काय बोलायचं. ज्या माणसाने बर्फात गस्त घातली तो माणूस एका टेबलाला अडला. दिल्लीला उतरल्यावर मला दिसले ते भिंत धरून स्वच्छतागृहाकडे निघालेले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आरं, पानीच प्यालो न्हाई मी. म्हंजी उठाया नको." मी काही बोललो नाही. तीन हजार दोनशे वाचवल्याचा आनंद तिथेच संपला.

ट्रान्सफर काउंटरवर जाऊन मी दुसऱ्या टप्प्याच्या सीट बदलून घेतल्या. मुलीने विचारलं, "विंडो ऑर आइल?" आबांसाठी शहाणपणाचं उत्तर वाटेकडची सीट हेच होतं. पण आबा मागून म्हणाले, "डोंगर दिसत्यात म्हनं इमानातनं." मग २४ ए आबांना आणि २४ बी मला. दोन्हीचे मिळून सातशे रुपये.

इथे खिडकीबद्दल जे मला ठाऊक आहे ते सांगतो, कारण खिडकी घेणारे निम्मे लोक चुकीची खिडकी घेतात. पहिली गोष्ट बाजू. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीला विमान पूर्वेकडे जातं. हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला, म्हणजे ए सीट. परत येताना तीच गोष्ट एफ सीटला. सकाळचं विमान बरं, ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा सगळ्यात स्वच्छ. शिवाय थंडीत सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे जाताना डाव्या खिडकीत डोळ्यांवर ऊन येत नाही. दुसरी गोष्ट पंख. सहा सीटच्या रांगेच्या ए-३२० विमानात साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून अठराव्या-एकोणिसाव्यापर्यंत खाली बघितलं की पंखच दिसतो. डोंगर बघायचे तर त्याच्या बरंच मागे किंवा पुढे बसायचं. एटीआरचा पंख छताच्या वर असतो, तिथे ही अडचण नाही. तिसरी गोष्ट, काही रांगांना खिडकीची सीट असते पण खिडकी खांद्याच्या मागे जाते. नुसत्या नकाशावर हे कळत नाही. काउंटरवर विचारलं तर माहीतगार कर्मचारी सांगतात.

आणि एक आपल्या खात्याचं. लेह, श्रीनगर, बागडोगरा, पुणे ही सगळी संरक्षण दलाची विमानतळं आहेत. तिथे जमिनीवरून फोटो काढायचे नाहीत, खिडकीतून पण नाही. २०२५ च्या मे महिन्यात तर पश्चिम सीमेजवळच्या अशा विमानतळांसाठी आदेश निघाला होता की विमान दहा हजार फुटांवर जाईपर्यंत आणि उतरताना त्याच्या खाली आल्यापासून खिडक्यांचे पडदे बंद ठेवायचे. असा आदेश असताना खिडकीचे पैसे दिले तर चढ-उताराचा देखावा मिळत नाही, तो नेमका लेहसारख्या ठिकाणी सगळ्यात मोठा असतो.

आबांचं म्हणाल तर, विमान वर गेलं, पट्टा सोडायची खूण झाली तसं मी त्यांना आधीच एकदा नेऊन आणलं. वाटेकडे एक गोरखा पोरगा होता, सुट्टीवर निघालेला. तो हसत उठला. मुख्य फरक असा की आबांना आता परक्याला उठवायचं नव्हतं, मला उठवायचं होतं. मग ते खिडकीला नाक लावून बसले. नेपाळवरून जाताना बर्फाची रांग सुरू झाली ती संपेचना. उतरायच्या थोडं आधी कांचनजंगा आला. आबांनी तो नाव न विचारता ओळखला. "ह्याच्या पायथ्याला हुतो आमी. खालनं बगितलेला. वरनं कवा बगीन आसं वाटलं नव्हतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विमान खाली येईपर्यंत बोलले नाहीत.

त्या सातशे रुपयांबद्दल मला कोणी हिशेब विचारू नये.

परतीला मात्र मी त्यांना वाटेकडची सीट घेतली, मी मधे. डोंगर बघून झाला होता, आता गोळीचा विचार. म्हाताऱ्या माणसासाठी सीट घेताना मागचा तिसरा भाग बघावा, कारण या विमानांत एक स्वच्छतागृह पुढे आणि बाकीची मागे असतात. पण अगदी शेवटच्या दोन रांगा नकोत. तिथे रांग लावून उभे राहिलेले लोक डोक्यावर येतात आणि शेवटच्या रांगेची पाठ मागे जात नाही. आणि वाटेकडची सीट असली तरी चढताना आणि उतरताना पंधरा-वीस मिनिटं उठता येत नाही, म्हणून गेटवर बोर्डिंगची हाक आली की आधी जाऊन यायचं. दोघांचे परतीचे चौदाशे गेले. सगळा प्रवास मिळून एकवीसशे. तीन हजार दोनशे नाहीत आणि शून्यही नाहीत.

आता माझा गुडघा. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, एक तासाच्या वर दुमडून ठेवला की तो कुरकुरतो. असे आपल्यात शेकड्याने आहेत. वाटेकडची सीट म्हणजे सी किंवा डी, पण दोन्ही सारख्या नाहीत हे मला फार उशिरा कळलं. सी वर बसलात तर मोकळी वाट तुमच्या उजव्या हाताला येते, डी वर बसलात तर डाव्या. उजवा गुडघा दुखरा असेल तर सी घ्या, डावा असेल तर डी. पाय अधूनमधून वाटेत लांब करता येतो. फक्त खाण्याची गाडी येताना दिसली की आत घ्यायचा. एकदा गुडघ्यावर घेतली आहे, परत घेणार नाही. या एका माहितीसाठी मी तीनशे-चारशे रुपये आनंदाने देतो.

त्याआधी मी वेगळंच करत होतो. पाय लांब करायला मिळतात म्हणून आणीबाणीच्या दाराची रांग घ्यायचो. आपल्याकडच्या बऱ्याच ए-३२० मध्ये ती बारावी-तेरावी असते. जागा खरंच भरपूर मिळते. तेरावीची पाठ मागे जाते, बारावीची बहुधा जात नाही, कारण तिच्या मागेही दार आहे. अकरावीचीही तीच गत, आणि तिला पायाला जागाही जादा नसते. तर दोन्हींत घ्यायचीच झाली तर मागची घ्या, इथपर्यंत सोपं आहे.

पण एकदा तिथे बसलो असताना हवाई सुंदरीने नेहमीचा प्रश्न विचारला, "सर, गरज पडली तर मदत कराल?" मी सवयीने "हो" म्हणालो. मग समोरचं कार्ड वाचलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट. ए-३२० च्या पंखावरचं ते दार बिजागरीवर उघडत नाही. वरचा दांडा खेचला की अख्खा तुकडा सुटून हातात येतो, सुमारे पंधरा किलोचा. आधी खिडकीतून बाहेर आग नाही ना हे बघायचं, मग तो तुकडा आत उचलून घ्यायचा, फिरवून बाहेर फेकायचा आणि वाकून पंखावर पाऊल टाकायचं. मागे माणसं ढकलत असताना. मे २०२५ च्या त्या पडद्याच्या आदेशातून याच रांगा वगळल्या होत्या, कारण तिथून बाहेर दिसलंच पाहिजे. बसून वळताना ज्याचा गुडघा अडकतो त्याने हे काम करायचं म्हणजे काय? मी पहाऱ्यावर अशा जवानाला उभा केला नसता.

म्हणून माझं मत कडक आहे. ही रांग पायाला जागा म्हणून विकली जाते, पण ती पहाऱ्याची जागा आहे. मुलं, गरोदर बाई, अशक्त किंवा म्हातारा माणूस, ज्याला पट्ट्याला जोड लागतो तो, सूचना न कळणारा, यांना तिथे बसवत नाहीत. दुखरा सांधा मात्र कुणाला दिसत नाही, तो आपणच सांगायचा असतो. दुसरीकडे अति उत्साहही नको. २०२२ च्या डिसेंबरमध्ये चेन्नईहून तिरुचिरापल्लीला निघालेल्या विमानाचं असं दार जमिनीवर असतानाच एका प्रवाशाकडून उघडलं गेलं होतं. हँडलला हात लावायचा तो फक्त आज्ञा झाल्यावर किंवा उघड आग-अपघातात. उड्डाण आणि उतरताना पायाशी बॅग चालत नाही, ती वर ठेवावी लागते. ज्यांना पर्स जवळ हवी त्यांनी आधीच विचार करावा. धडधाकट आहात, उंच आहात, दोन तासांच्या वरचा प्रवास आहे आणि कार्ड वाचायची तयारी आहे, तर खुशाल घ्या. त्या रांगेत तुमच्यासारखा माणूस बसलेला मलाही हवा आहे. एक तासाच्या प्रवासाला मात्र ते पैसे जास्त आहेत.

आणि त्या पोराला काय सांगितलं? तो चोवीस वर्षांचा, एकटा, दोन्ही गुडघे शाबूत, ट्रंक टाकणार, दिल्लीहून पुणे. कारण एका वाक्यात सांग म्हटलं तर त्याला सांगता येईना. "Skip दाब," मी म्हणालो, "मधली सीट मिळाली तर दोन तास मधे बस. वाचलेल्या पैशाचं घरी काहीतरी घेऊन जा." तो बरं म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "साब, येताना आईला आणायचा विचार आहे. तिला संधिवात आहे."

"मग तिच्यासाठी आत्ताच नको, पण येण्याच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच घे," मी म्हटलं. "वाटेकडची. आणि शेजारची तुझी. कोणता गुडघा दुखतो ते आधी विचार."

जय हिंद.